रटाळ सामना: टीव्ही म्यूट करून आपलीच कॉमेंट्री, की आवाज ठेवून शेरेबाजी?

सामना मरगळला की टीव्हीसमोरच्या घोळक्यात दोन तट पडतात. एक म्हणतो, आवाज बंद कर, कॉमेंट्री आपणच करू. दुसरा म्हणतो, आवाज राहू दे, ते काय बोलतात त्यावर आपण बोलू. दोन्हींत मजा आहे आणि मी दोन्ही बाजूंना बसलेलो आहे. तुमच्याकडे येत्या कसोटीला मंडळी जमणार असतील आणि सामना अनिर्णितकडे झुकताना दिसत असेल, तर यातलं काय निवडावं याबद्दल माझं मत सांगतो. ट्वेंटी-२० चा विचार इथे केलेला नाही, कारण तिथे सामना कितीही एकतर्फी झाला तरी शेरा पूर्ण व्हायच्या आत पुढचा चेंडू पडतो.

आधी म्यूटची बाजू, कारण ती जमली तर तिच्यासारखं दुसरं काही नाही. आम्हाला ती जमली डिसेंबर २०१५ मध्ये, दिल्लीच्या कसोटीत. दक्षिण आफ्रिकेला ४८१ धावांचं लक्ष्य होतं, ते गाठायचा विचारही त्यांनी सोडून दिला होता आणि फक्त वेळ काढायचा होता. चौथ्या दिवशी, रविवारी, खेळ थांबला तेव्हा ७२ षटकांत २ बाद ७२ झाल्या होत्या. अमला २०७ चेंडूंत २३, डिव्हिलियर्स ९१ चेंडूंत ११. आमच्यातल्या एकाने रिमोट उचलला, आवाज शून्यावर नेला आणि सोसायटीच्या सचिवाच्या सुरात सुरुवात केली: "मागील षटकाचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. विषय क्रमांक दोन, ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू. श्री. अमला यांनी तो पुढील सभेपर्यंत तहकूब ठेवला." जडेजाने षटक निर्धाव टाकलं की बाकीचे एका सुरात "ठराव एकमताने मंजूर" म्हणायचे. जडेजाने त्या डावात ४६ षटकं टाकली, त्यातली ३३ निर्धाव होती, म्हणजे मंजुरीला तोटा नव्हता. एकाने मध्येच बापू नाडकर्णींचं नाव काढलं. १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, सलग १३१ चेंडूंवर एकही धाव नाही. त्यावर सचिवांनी तत्काळ "संस्थेचे आद्य सभासद कै.…" अशी सुरुवात केली. नाडकर्णी तेव्हा हयात होते, त्यामुळे ते भाषण तिथेच बंद पाडण्यात आलं.

ते का जमलं, हे समजून घेणं महत्त्वाचं आहे. दिल्लीत धावा होत नव्हत्या, पण सामना जिवंत होता. प्रत्येक चेंडूवर बळी पडू शकत होता, बॅटभोवती चारपाच क्षेत्ररक्षक वाकून उभे होते आणि म्हणून सगळ्यांचे डोळे पडद्यावर होते. आवाजाची गरजच नव्हती. डोळे तिथे असतील तर तोंडाला मोकळीक मिळते. शिवाय सूत्र धरणारा माणूस आमच्याकडे होता. म्यूट कॉमेंट्रीत ही मुख्य अट आहे: एकाने अखंड बोलत राहावं लागतं, आणि त्याला तिरकस बोलण्याइतकंच सरळ बोलणंही यावं लागतं. गोलंदाज कोण, टोक कोणतं, चेंडू कुठे पडला, फलंदाज पुढे आला की मागे गेला, हे त्यानेच सांगायचं आणि त्यातच कोपरखळी मारायची. वेगवान गोलंदाज असेल तर तो आपल्या खुणेपर्यंत चालत जाईपर्यंत एक अख्खा किस्सा बसतो. फिरकी असेल तर जेमतेम एक वाक्य. दिवसभर फिरकी चालली की अर्ध्या तासात त्या माणसाचा घसा बसतो आणि विनोदही. आमच्या सचिवांना चहापानानंतर कोणी वाली उरला नव्हता. खोलीत शांतता पसरली आणि आवाज पुन्हा सुरू करावा लागला.

आता ज्या गोष्टीने माझा कौल फिरवला, ती अहमदाबादची. मार्च २०२३, ऑस्ट्रेलियाविरुद्धची चौथी कसोटी. ऑस्ट्रेलिया ४८०, भारत ५७१, आणि पाचव्या दिवशी खेळपट्टी अशी की चेंडू टाकणाऱ्यालाच दया यावी. सोमवार होता, त्यामुळे जमलेल्यांपैकी दोघांच्या मांडीवर लॅपटॉप उघडा होता. उपाहाराच्या सुमारास क्राइस्टचर्चहून बातमी आली की न्यूझीलंडने शेवटच्या चेंडूवर श्रीलंकेला हरवलं. म्हणजे कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात भारत न खेळताच पोचला. त्या क्षणी अहमदाबादच्या सामन्यातली उरलीसुरली धुगधुगीही गेली. आम्ही आवाज बंद केला आणि आळीपाळीने कॉमेंट्री सुरू केली. या वेळी सूर रेल्वे स्थानकावरच्या घोषणेचा होता: "यात्रीगण कृपया ध्यान द्या, लाबुशेन यांची पुढील धाव अनिश्चित काळ उशिराने धावत आहे, आपल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व." छान चाललं होतं. हसता हसता एक जण चहा ओतायला उठला, एकाने मेल उघडली, एकजण त्या घोषणेला फलाट क्रमांक सुचवत होता. आणि त्या गडबडीत ट्रॅव्हिस हेड बाद झाला.

हेड ९० वर होता, शतकाच्या दारात. अक्षरच्या चेंडूने त्याचा त्रिफळा उडाला. सगळ्या दुपारचा एकच बघण्यासारखा चेंडू, आणि खोलीतल्या कोणीही तो पडताना पाहिला नाही. कळलं तेव्हा पडद्यावर अक्षरभोवती घोळका जमला होता. रीप्ले पाहिला, पण रीप्लेवर कोणी ओरडत नाही. आवाज असता तर लाकडावर चेंडू आदळल्याचा तो कोरडा ठोका आणि मागून प्रेक्षकांचा गलका ऐकून चहावाला हातातलं भांडं घेऊन धावत आला असता.

माझ्या दृष्टीने सगळा निर्णय इथे लागला. खरोखर रटाळ सामन्यात कोणीच सलग पडद्याकडे बघत नाही, बघावं अशी अपेक्षाही नाही. तिथे सगळ्यांना एकत्र बांधून ठेवतो तो आवाज. बॅटचा आवाज, अपील, गर्दीची लाट, समालोचकाचा अचानक वर गेलेला सूर, या सगळ्यांमुळे मान वर होते. म्यूट केलं की तो पहारेकरीच आपण काढून टाकतो आणि मग थट्टा सामन्यापासून सुटून भलतीकडे जाते. पंधरा मिनिटांनी लक्षात येतं की आपण लाबुशेनची नव्हे, कोणाच्या तरी साहेबाची नक्कल करतोय. तीही मजाच, पण त्यासाठी टीव्ही लावायची गरज नव्हती.

आवाज ठेवण्याचा दुसरा फायदा मला उशिरा कळला. तिरकस बोलणाऱ्याला समोर गंभीर बोलणारा लागतो, आणि समालोचक तो फुकटात पुरवतो. रटाळ दिवशी त्याच्याकडेही सांगायला काही नसतं, म्हणून ठरलेली वाक्यं फिरून फिरून येतात, आणि तीच तुमची खरी खाण. "एक बळी गेला तर चित्र बदलू शकतं" असं तिकडून आलं की इकडून, "चित्राला केव्हाच खिळा मारून झाला." "पुढचा तास फार महत्त्वाचा आहे" असं आलं की, "मग मागचे चार दिवस कशाला बोलावलं होतं?" "फलंदाजाने चेंडू सुरेख सोडला" याला आमच्यातल्या एकाने दिलेलं उत्तर मला आजही आवडतं: "मीही सकाळी तीन रिक्षा अशाच सुरेख सोडल्या." हे सगळं एकेका वाक्याचं काम आहे. कोणा एकावर भार पडत नाही, ज्याला फारसं क्रिकेट कळत नाही तोही भाग घेतो, आणि फिरकी चालू असली तरी वेळ पुरतो. स्टंपमधला माइक ही तर बोनसच. ऋषभ पंतने २०१८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात यष्टीमागून टिम पेनला "तात्पुरता कर्णधार" म्हणून डिवचलं, ते या माइकमुळेच जगाला ऐकू आलं. म्यूटवर असं काही आपल्याला कळतच नाही.

आवाज ठेवण्यातही कटकटी आहेत, त्या नाकारत नाही. षटक संपताच जाहिरात येते, ती कॉमेंट्रीपेक्षा मोठ्या आवाजात वाटते आणि नेमका तुमचा शेरा खाऊन टाकते. त्यावर आम्ही एवढंच करतो की शेवटच्या चेंडूनंतर बोलायचं नाही, शेरा पुढच्या षटकाच्या पहिल्या चेंडूपर्यंत राखून ठेवायचा. दुसरं म्हणजे समालोचक खरोखरच चांगला असेल, खेळपट्टीबद्दल किंवा पकडीबद्दल काही शिकवत असेल, तर त्याच्यावर बोलणं जिवावर येतं. अशा वेळी गप्प बसून ऐकावं हे बरं. आणि आवाज किती, हाही प्रश्न आहे. त्याचं वाक्य कळलं पाहिजे, पण त्याच्यावर बोलायला ओरडावं लागता कामा नये. घरात खरोखर सामना बघणारं वडीलधारं कोणी असेल तर आवाज त्यांच्या मर्जीने ठेवा आणि शेरे हळू मारा.

एक सूचना दोन्ही पद्धतींना लागू आहे: सामना इंटरनेटवरून बघत असाल तर स्कोअरचं ॲप बंद ठेवा. पडदा काही सेकंद मागे असतो, फोन आधी किणकिणतो आणि ज्याने तो पाहिला त्याच्या चेहऱ्यावरूनच सगळ्यांना कळतं. मग चढवत नेलेलं नाट्य फुकट जातं.

तर तुमच्याकडे अर्धा तास एकट्याने खेचू शकेल असा एखादा पट्टीचा नकलाकार असेल, आणि सामना दिल्लीसारखा, म्हणजे धावा नाहीत पण बळीची टांगती तलवार आहे असा असेल, तर म्यूट जरूर करून पाहा. ती मजा वेगळीच. पण बहुतेक रटाळ सामने अहमदाबादच्या जातीचे असतात. पाटा खेळपट्टी, दोन्ही बाजूंचे मोठे डाव आणि शेवटी हस्तांदोलनाची वाट. तिथे मी तरी आवाज चालूच ठेवेन. त्या दिवशी हेड गेल्यावर आम्ही आवाज सुरू केला म्हणून शेवटचा अंक नीट लाभला. गिलने एक षटक टाकलं, मग पुजाराने एक, आणि थोड्याच वेळात ऑस्ट्रेलियाने २ बाद १७५ वर डाव सोडला. समालोचक पुजाराच्या लेगस्पिनबद्दल हसत हसत बोलत होते आणि आम्ही त्यांच्याआधी बोलायची धडपड करत होतो. संध्याकाळी अश्विनने पुजाराच्या गोलंदाजीचा फोटो टाकून लिहिलं, "मैं क्या करूं? जॉब छोड़ दूं?" आमच्या सगळ्या दुपारच्या शेऱ्यांपेक्षा तो सरस होता, हे मंडळींनी एकमताने मान्य केलं.