फेरस सल्फेट की बिसग्लायसिनेट? फेरिटिन कमी आणि केस गळत असताना

समजा हिमोग्लोबिन १२.४ आहे, पण फेरिटिन फक्त १२. म्हणजे रक्त ठीक दिसतंय, लोहाचा साठा मात्र रिकामा आहे.

लोहाच्या गोळ्यांमध्ये फेरस सल्फेट स्वस्त आणि खात्रीचं. २०० मिग्रॅच्या गोळीत प्रत्यक्ष लोह साधारण ६५ मिग्रॅ असतं. पाकिटावर हाच ‘एलिमेंटल’ आकडा बघा. त्रास होतो तो न शोषलेल्या लोहाचा: मळमळ, बद्धकोष्ठता. बिसग्लायसिनेट महाग, गोळीत लोह बहुधा कमी, पण पोटाला सहसा सोसतं.

आमचा कल आधी सल्फेटकडेच, पण एक दिवसाआड एक गोळी. एवढा डोस घेतला की लोहाचं शोषण रोखणारं हेप्सिडिन हे संप्रेरक वाढतं आणि दुसऱ्या दिवशीचं लोह कमी शोषलं जातं. म्हणून रोज दोन गोळ्या घेतल्या तर फायदा दुप्पट होत नाही, पोट मात्र बिघडतं. गोळी सकाळी उपाशीपोटी घ्या, चहा तासाभराने. मळमळलं तर थोडं खाऊन घ्या. दोन आठवड्यांतही जमलं नाही, तर बिसग्लायसिनेटवर जा. शौच काळपट होणं अपेक्षितच. डांबरासारखं चिकट असेल तर लगेच डॉक्टर गाठा.

फेरिटिन तीन महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये तपासा. ताप-सर्दीत नको, तेव्हा आकडा खोटा चढतो. साठा भरला तरी केसगळती थांबायला तीन ते सहा महिने लागतात. फेरिटिन हललंच नाही, तर जास्त पाळी, सीलिॲक हा ग्लुटेनमुळे आतड्याला होणारा आजार किंवा ॲसिडिटीच्या रोजच्या गोळ्या हे कारण शोधावं. फेरिटिन वाढूनही केस गळत राहिले, तर थायरॉइड तपासा.