क्षयरोग खरंच घटतोय का: नोंदणी मोजावी की प्रादुर्भाव?

२०१५च्या तुलनेत २०२५पर्यंत क्षयरोगाचे नवे रुग्ण ८० टक्क्यांनी कमी करायचे, हे देशाचं उद्दिष्ट होतं. ते मोजायचं कशानं?

नि-क्षय या सरकारी पोर्टलवरची क्षयरुग्णांची नोंदणी हाताशी असते आणि वॉर्डनिहाय मिळते. पण तिचा आकडा फसवतो. समजा, गोवंडीत वर्षभरात खरे नवे रुग्ण १,००० आणि नोंदले गेले ६००. पुढच्या वर्षी एक्स-रे व्हॅन वस्तीत फिरली, खासगी डॉक्टरही कळवू लागले. खरे रुग्ण ९५०वर आले, नोंद मात्र ८००वर गेली. आजार घटला, आकडा वाढला! उलट तपासणी यंत्रात लागणारी कार्ट्रिज संपली की नोंद घसरते आणि यश मिळाल्यासारखं वाटतं. त्यात मुंबईत पालघर-ठाण्याचे रुग्णही उपचाराला येतात, म्हणून इथली नोंद फक्त मुंबईकरांचीच असेल असं नाही.

प्रादुर्भावाचा दर, म्हणजे लाखामागे वर्षाला नवे रुग्ण, थेट उद्दिष्टच मोजतो. मात्र तो अंदाज असतो. त्याला मोठी सर्वेक्षणं आणि गणिती प्रारूप लागतं, वॉर्डापुरता तो मिळतच नाही.

राष्ट्रीय उद्दिष्टासाठी मी प्रादुर्भावच निवडेन, त्रुटीच्या मर्यादांसह. वॉर्डात नोंदणी ठेवावी, पण शेजारी तपासण्यांची संख्या हवीच. तपासण्या तेवढ्याच किंवा जास्त होऊनही नोंद घटली, तरच घट खरी असण्याची शक्यता जास्त.