नववीच्या आयडेंटिटीजची वर्कशीट: वर सूत्राचं नाव छापलेली घ्यावी, की मुलाने नाव लिहायची?

माझा भाचा नववीत आहे, सीबीएसईला, आणि रविवारी सकाळी त्याचं गणित मी घेते. बैजिक सूत्रांच्या वर्कशीट शोधायला बसलं की दोनच प्रकार हाताला लागतात. एकात वर ठळक अक्षरात सूत्र, समजा (a + b)² = a² + 2ab + b², आणि खाली त्याच सूत्राची दहा गणितं, मग दुसरं सूत्र, परत दहा. दुसरी मिक्स, सगळी सूत्रं एकत्र आणि प्रत्येक गणितापुढे एक रिकामा रकाना ज्यात मुलाने स्वतः सूत्राचं नाव लिहायचं. दोन्हीत प्रत्येक आयडेंटिटीला नाव असतंच, फरक फक्त ते नाव कोण लिहितं एवढाच, आणि मी दोन्ही वापरून बघितल्यावर सांगते की सगळा खेळ त्या एवढ्याशा फरकावर आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. विस्तार करायचा असेल तर सुरुवातीला हेडिंगवाली शीट चांगली. अवयव पाडायचे असतील तर पहिल्या दिवसापासून मिक्स.

कारण विस्तारात सूत्र कुठलं हे गणितातच दिसतं. (2a − 3b)³ असं लिहिलंय म्हणजे ते ए मायनस बी होल क्यूब, त्यात ओळखायचं काहीच नाही, फक्त नीट भरायचं. आणि मुलं चुकतात ती भरतानाच: (2a)³ चं 8a³ ऐवजी 2a³ होतं, किंवा 3 × (2a)² × 3b मधला तो पहिला 3 राहून जातो, किंवा चौथ्या पदाचं चिन्ह प्लस होतं. ह्याला हाताची सवय लागते आणि ती एकाच सूत्राची सात-आठ गणितं ओळीने केली की येते. माझ्याकडे असं लिहायला लावते:

```
(2a − 3b)³
= (2a)³ − 3(2a)²(3b) + 3(2a)(3b)² − (3b)³
= 8a³ − 36a²b + 54ab² − 27b³
```

मधली ओळ गाळायची नाही, कंसासकट लिहायची. जी मुलं थेट तिसऱ्या ओळीवर उडी मारतात ती (3b)² ला हमखास 3b² करतात, मग पुढचं सगळं चुकतं आणि चूक नक्की कुठे झाली तेही सापडत नाही. हेडिंगवाल्या शीटमध्ये वर सूत्र समोरच असल्यामुळे ही मधली ओळ मुलं न कुरकुरता लिहितात, हा तिचा खरा फायदा.

आता अवयव. मागच्या महिन्यात मी त्याला हेडिंगवाली शीट दिली, वर "बेरजेचा वर्ग" असं नाव आणि खाली x² + 10x + 25, 9x² + 24x + 16 अशी दहा गणितं. बघता बघता संपवली, दहापैकी दहा बरोबर. मला बरं वाटलं पण एक शंका आली म्हणून त्याच कागदाच्या मागे मी हाताने अजून एक गणित लिहिलं, 4x² + 13x + 9. त्याने लगेच (2x + 3)² लिहिलं आणि म्हणाला, "मावशी, हे पण होल स्क्वेअरच ना?" मी म्हटलं, मधलं पद बघितलंस का रे? तेव्हा तो म्हणाला, "मधलं कशाला बघायचं, पहिल्याचं आणि शेवटच्याचं वर्गमूळ काढलं की झालं."

म्हणजे त्याने ती दहा गणितं मधल्या पदाकडे एकदाही न बघता सोडवली होती आणि शीटनेच त्याला तसं करू दिलं होतं. नाव वर छापलंय म्हटल्यावर पूर्ण वर्ग आहे की नाही हे तपासायची गरजच उरत नाही, आणि अवयव पाडताना खरं काम तेवढंच असतं.

मग आम्ही तिथेच बसून केलं. पहिलं पद 4x², म्हणजे a = 2x. शेवटचं 9, म्हणजे b = 3. पूर्ण वर्ग असेल तर मधलं पद 2ab म्हणजे 2 × 2x × 3 = 12x यायला हवं. इथे आहे 13x. म्हणजे बेरजेचा वर्ग नाही, हे सूत्र इथे बसतच नाही. मग मधलं पद फोडायचं: 4 × 9 = 36, अशा दोन संख्या हव्यात ज्यांचा गुणाकार 36 आणि बेरीज 13, त्या म्हणजे 4 आणि 9.

```
4x² + 13x + 9
= 4x² + 4x + 9x + 9
= 4x(x + 1) + 9(x + 1)
= (x + 1)(4x + 9)
```

त्याला अजूनही वाटत होतं की एवढ्याशा फरकाने काय होतंय, म्हणून दोन्हीकडे x = 2 घालून बघायला लावलं. मूळ राशी 16 + 26 + 9 = 51. त्याचं (2x + 3)² म्हणजे 7 चा वर्ग, 49. आणि (x + 1)(4x + 9) म्हणजे 3 × 17 = 51. ते 49 आणि 51 शेजारी शेजारी बघून मग पटलं त्याला.

म्हणून मिक्स शीट घेणार असाल तर दोन गोष्टी बघून घ्या. पहिली म्हणजे नावाच्या रकान्यात "कुठलंच सूत्र बसत नाही" हे उत्तर येईल अशी दोन-तीन गणितं त्यात आहेत का. नसतील तर मूल अंदाजाने जवळचं सूत्र चिकटवतं आणि ते बरोबरही निघतं. x² + 9 सारखं एखादं हवंच, कारण निम्मी मुलं तिथे (x + 3)² लिहून मोकळी होतात आणि खरं तर शाळेत जे अवयव शिकवतात तसे त्याचे पडतच नाहीत. दुसरी गोष्ट, नावापुढे a काय आणि b काय हे लिहायला जागा आहे का. नुसतं नाव लिहून भागत नाही, 9x² मध्ये a = 3x आहे हे कागदावर आलं पाहिजे.

मी शेवटी स्वतःच वहीत शीट बनवली, त्यातल्या पाच ओळी देते, ह्या अशाच उलटसुलट क्रमाने द्यायच्या:

```
1) 25x² − 49y²
2) 4x² + 13x + 9
3) 27a³ − 8b³
4) 27a³ − 54a²b + 36ab² − 8b³
5) 4x² + y² + 9z² − 4xy − 6yz + 12zx
```

पहिलं वर्गांचा फरक, (5x + 7y)(5x − 7y), ते पटकन येतं. तिसरं आणि चौथं मुद्दाम शेजारी ठेवलीत. दोन्हीत सूत्रातल्या a च्या जागी 3a आणि b च्या जागी 2b धरायचं, पण तिसरं "घनांचा फरक" आणि चौथं "फरकाचा घन". बोलताना नावं इतकी सारखी वाटतात की मुलं तिसऱ्याचं उत्तर सर्रास (3a − 2b)³ लिहितात. पदं मोजायला शिकवा, दोन पदं असली तर घनांचा फरक, (3a − 2b)(9a² + 6ab + 4b²), आणि चार पदं असली तर फरकाचा घन असू शकतो, पण तिथेही मधली दोन पदं सूत्रातल्या 3a²b आणि 3ab² शी जुळतात का हे बघायचंच. दुसऱ्या कंसात 6ab आहे, 12ab नाही, हे लाल पेनने गोल करून ठेवा, तिथे वर्गाच्या सूत्रातला 2 आपोआप घुसतो.

पाचवं तीन पदांचा वर्ग. मुळं काढली की 2x, y, 3z मिळतात, पण चिन्हं कुठली? ज्या पदांत मायनस आहे ती xy आणि yz, दोन्हीत समान काय तर y, म्हणून y ला मायनस: (2x − y + 3z)². हेडिंगवाल्या शीटवर मुलं हे चिन्हाचं बऱ्याचदा तुक्क्याने लावतात, मिक्समध्ये a, b, c लिहायला लागतात म्हणून थांबून विचार करतात, निदान माझ्याकडे तरी तसं झालं.

नावांबद्दल एक सांगायचं राहिलं. काही शीटवर "आयडेंटिटी ४", "आयडेंटिटी ६" असे नुसते नंबर असतात. त्या मी घेत नाही, कारण नंबर पुस्तकाप्रमाणे बदलतो आणि मुलाला तो पाठ असला तरी त्यातून राशी कशी दिसते ते काहीच कळत नाही. "घनांचा फरक" म्हटलं की निदान दोन घन आणि मध्ये मायनस एवढं तरी डोळ्यासमोर येतं. मराठी नाव घ्या किंवा इंग्लिश, शाळेत जे बोलतात ते घ्या, पण नाव घ्या.

मिक्स शीटची अडचणही खरी आहे, लपवत नाही. ती फार हळू जाते, जेवढ्या वेळात हेडिंगवाल्यावर दहा होतात तेवढ्यात इथे चार-पाच होतात, आणि सूत्रंच पाठ नसतील तर मूल रकाना बघून वैतागतं आणि पेन ठेवून देतं. त्यामुळे तुमचं मूल कुठल्या बोर्डाचं आहे हेही बघा. स्टेट बोर्डात विस्तारसूत्रं आणि अवयव आठवीतच होऊन जातात, घनांचीसुद्धा, तर ते मूल नववीत आल्यावर सरळ मिक्स द्यायला हरकत नाही. सीबीएसईला घनांची सूत्रं आणि तीन पदांचा वर्ग साधारण नववीत पहिल्यांदा भेटतो, तिथे प्रत्येक नव्या सूत्राला दोन दिवस हेडिंगवाली शीट, तीही विस्ताराचीच, आणि मग लगेच मिक्स.

आणि ज्या आईबाबांना वाटतं की मिक्स शीट आपल्याला तपासता येणार नाही त्यांनी ती x = 2 ची युक्ती वापरा, दोन अक्षरं असतील तर एकाला 2 आणि दुसऱ्याला 1. 1 सगळीकडे घालू नका, कारण (x + 3)² चं उत्तर मुलाने चुकून x² + 9x + 6 लिहिलं तरी x = 1 ला दोन्हीकडे 16 येतात आणि चूक निसटते, 2 घातलं की 25 आणि 28 येऊन पकडली जाते. एखादा कंस 2 ला शून्य होत असेल तर 3 घाला. फक्त ह्यातून उत्तर चूक आहे का एवढंच कळतं, अर्धवट आहे का ते कळत नाही. 16x⁴ − 81 चं (4x² − 9)(4x² + 9) लिहून मूल थांबलं तरी x = 2 ला दोन्हीकडे 175 च येतं, पण 4x² − 9 अजून फुटतो, (2x + 3)(2x − 3) होतो. म्हणून आकडा जुळला तरी प्रत्येक कंसावर बोट ठेवून "ह्याला अजून एखादं नाव देता येतंय का?" असं एकदा विचारायचं, मगच बरोबरची खूण करायची.