calibrateHandEye आठ महिने वापरून: सगळं बरोबर, फक्त उंची खोटी

जळगाव एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये ठिबकचे एल्बो ट्रेमधून उचलून पिशवीत टाकायला सहा अक्षांचा एक रोबोट आहे. कॅमेरा हातावर नाही, बाजूच्या खांबावर आहे. कॅमेऱ्याला एल्बो दिसतो तो कॅमेऱ्याच्या मापात, आणि ग्रिपरला लागतो रोबोटच्या बुडापासूनच्या मापात. हे दोन्ही जुळवायला मी ओपनसीव्हीचं calibrateHandEye घेतलं.

पद्धत सोपी आहे. चारुको पाटी, म्हणजे काळ्या-पांढऱ्या चौकटी आणि खुणा छापलेली पाटी, ग्रिपरला घट्ट बांधायची (मी साइनबोर्डवाल्याकडून एसीपी शीटवर चिकटवून घेतली, कागद उन्हाळ्यात वाकतो), हात वेगवेगळ्या पोजमध्ये थांबवायचा आणि प्रत्येक वेळी पेंडंटवरची पोज व कॅमेऱ्याला दिसलेली पाटीची पोज अशी जोडी जपून ठेवायची. पाटी ग्रिपरवर नेमकी कुठे बसली हे मोजावं लागत नाही, ही मोठी सोय. एक खोच मात्र आहे. या फंक्शनच्या पॅरामीटर्सची नावं कॅमेरा हातावर आहे असं धरून दिली आहेत. कॅमेरा बाहेर असेल तर रोबोटची प्रत्येक पोज उलटी करून द्यायची, मग उत्तर कॅमेऱ्याकडून बुडाकडे असं मिळतं:

```
R, t = [], []
for T in robot_poses:
    Ti = np.linalg.inv(T)
    R.append(Ti[:3,:3]); t.append(Ti[:3,3])
R_cb, t_cb = cv2.calibrateHandEye(R, t, R_board, t_board)
```

हे विसरलात तर उत्तर इतकं भलतंच येतं की लगेच कळतं. मला छळलं ते न कळणाऱ्या चुकीने.

आम्ही माल वरूनच उचलतो, म्हणून पहिल्या वेळी मी १५ पोज घेतल्या त्या सगळ्या ग्रिपर खाली तोंड करून, फक्त उभ्या अक्षाभोवती फिरवून. हिशोब झाला, जोड्या एकमेकींशी छान जुळल्या. प्रत्यक्षात ग्रिपर एल्बोच्या बरोबर वर गेला आणि ३७ मिमी अधांतरी मिटला. पारोळ्याचा हेल्पर म्हणाला, "काय व्हयनं भाऊ, हवा धरी राह्यना का?" मी कोडमध्ये ३७ मिमी वजा केले आणि काम चालू केलं. दोन आठवड्यांनी खांब थोडा सरकवला, पुन्हा तसंच कॅलिब्रेशन केलं, तर या वेळी फरक उलट्या दिशेला, ११० च्या पुढे. खांब तर हातभरही हलला नव्हता.

कारण कळलं तेव्हा स्वतःवरच हसू आलं. पाटी ग्रिपरच्या किती खाली आहे ते माहीत नाही, कॅमेरा बुडाच्या किती वर आहे तेही माहीत नाही. हात फक्त उभ्या अक्षाभोवती फिरवला, वर-खाली कितीही नेला, तरी या दोघांची मिळून एकच गोष्ट कळते. वेगवेगळी कधीच नाही. मग गणित उरलेली जागा मोजणीतल्या बारीक थरथरीने भरतं, म्हणून आकडा दर वेळी वेगळा. सुटका एवढीच की पाटी दोन वेगळ्या, समांतर नसलेल्या अक्षांभोवती वळली पाहिजे. मी आता १८ पोज घेतो आणि त्यातल्या निम्म्यांहून जास्त पोजमध्ये मनगट पुढे-मागे, डावी-उजवीकडे २०–३० अंश कलवतो. चुकीची खूण ओळखायची तर कोणत्याही तीन पोज काढून पुन्हा हिशोब करा. उंची मिलिमीटरभर बदलली तर ठीक, सेंटिमीटरने उडाली तर कल कमी पडला.

आणखी एक सवय लावून घ्या: जोड्या आपसात जुळल्या यावर विसंबू नका. टोकदार पिनचा टीसीपी, म्हणजे तिचं टोक नेमकं कुठे आहे ते, रोबोटला शिकवून टेबलावरच्या पाच ठिपक्यांना रोबोटने शिवून बघा. माझं आता सरासरी ०.८ आणि सर्वांत वाईट १.४ मिमी येतं. १६ मिमीच्या एल्बोला पुरे.

मे महिन्यात दुपारी तीननंतर मात्र पुन्हा तीनेक मिमी चुकायला लागलं, सकाळी बरोबर. खांब शेडच्या पश्चिमेच्या पत्र्याच्या सांगाड्याला टेकवला होता. दीड मीटरवरून कॅमेरा ०.१ अंश कलला तरी ठिपका अडीच मिमी सरकतो, आणि आमच्याकडच्या उन्हात तापलेला पत्रा एवढं सहज करतो. खांब रोबोटच्याच बेसप्लेटवर बोल्ट केला. शिवाय टेबलाच्या कोपऱ्यात एक छोटी खूण कायमची चिकटवली. कोड दर तासाला तिची जागा पाहतो आणि १ मिमीहून जास्त सरकली की मशीन थांबवतो.

ग्रिपरची बोटं दोनदा बदलली, तेव्हा कॅलिब्रेशन पुन्हा करावं लागलं नाही, फक्त टीसीपी नवा शिकवला. मागच्या आठवड्यात ट्रॉली खांबाला धडकली, तेव्हा मात्र १८ पोज पुन्हा घेतल्या. चहा गार व्हायच्या आत उंचीचा आकडा जुन्यापासून दोन मिमीच्या आत आला, आणि ग्रिपर एल्बोवरच मिटला.