पिशवीवर ८७.५ छापलंय, जिभेवर किती?

चार महिन्यांत तीन कॉफ्या आलटूनपालटून वापरून झाल्या. तिन्ही चिकमंगळूर भागातल्या अरेबिका. पहिली धुऊन वाळवलेली, म्हणजे वॉश्ड, मध्यम भाजणीची, पिशवीवर शंभरपैकी ८३.५ गुण. दुसरी हनी पद्धतीची, म्हणजे साल काढून चिकट गरासकट वाळवलेली, ८५.२५. तिसरी अनएरोबिक नॅचरल, म्हणजे अख्खं फळ हवाबंद आंबवून वाळवलेली, हलक्या भाजणीची, ८७.५, आणि किंमत पहिलीच्या जवळजवळ दुप्पट. प्रश्न साधा होता: चार गुण जास्त म्हणजे चवीत नक्की काय जास्त?

आधी तो आकडा कसा जमतो ते बघू. बहुतेक पिशव्यांवर अजूनही स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या, म्हणजे एससीएच्या, जुन्या फॉर्मचा हिशेब असतो. दहा रकाने, प्रत्येकी दहा गुण. त्यातले तीन, म्हणजे सगळे कप एकसारखे लागणं, कप स्वच्छ असणं आणि गोडवा, हे पाच कप मांडून तपासतात आणि खोट निघाली नाही तर प्रत्येक कपाला दोन गुण देतात. चांगल्या कॉफीला हे ३० गुण जवळपास ठरलेलेच. उरलेले सात रकाने म्हणजे वास, चव, मागे राहणारी चव, आंबटपणा, बॉडी म्हणजे तोंडातला भरीवपणा, तोल आणि एकूण मत. यांना सहापासून दहापर्यंत, पाव-पाव गुणाच्या पायरीने गुण मिळतात.

आता ८३.५ मधून ३० काढा. उरले ५३.५, म्हणजे प्रत्येक रकान्याला सरासरी ७.६४. ८७.५ मधून काढले तर ५७.५, म्हणजे ८.२१. दुप्पट पैशांचा फरक रकान्यामागे अर्ध्या गुणाहून किंचित जास्त! शिवाय तो सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. वास आणि चवीत एकेक गुण वर, बॉडीत जैसे थे, असंही असू शकतं. पिशवीवर फक्त बेरीज येते, रकाने येत नाहीत. खरी अडचण इथेच आहे.

दुसरी गोम आंबटपणाची. तिथे गुण आंबटपणा किती आहे याला नसून तो किती चांगल्या जातीचा आहे याला असतात. किती आहे, याची खूण शेजारच्या वेगळ्या पट्टीवर करतात. त्यामुळे लिंबासारखी झणझणीत कॉफी आणि संत्र्यासारखी सौम्य कॉफी, दोघींना तिथे आठ मिळू शकतात. लिंबू न आवडणाऱ्याला त्या आठाचा काय उपयोग?

शिवाय हे गुण मिळतात कसल्या कॉफीला? हलक्या भाजणीच्या नमुन्याला, १५० मिलिलिटर पाण्यात ८.२५ ग्रॅम पूड घालून, न गाळता, बिनदुधाची, चमच्याने सुरका मारून. दादरच्या स्वयंपाकघरात पितळी फिल्टरमधून उतरवलेल्या डिकॉक्शनला हा आकडा कुणी दिलेलाच नाही.

म्हणून तुलना दोन्ही प्रकारे केली. आधी कपिंगच्या, म्हणजे गुण देणारे चाखतात त्या पद्धतीने. स्टीलचे पेले नकोत, हाताला चटका बसतो आणि चव घ्यायची घाई होते. काचेचे किंवा चिनी मातीचे एकाच मापाचे घ्या. ११ ग्रॅम पूड, २०० मिलिलिटर पाणी. दळण पेपर फिल्टरपेक्षा जरा जाड आणि तिन्हींचं अगदी एकसारखं. एका कॉफीनंतर दुसरी दळण्याआधी तिचे चार दाणे दळून फेकून द्या, नाहीतर अनएरोबिकचा वास वॉश्डमध्ये उतरतो. पाणी उकळल्यावर मिनिटभर थांबून ओता. चार मिनिटांनी चमच्याने वरचा थर तीनदा मोडा, नाक तिथेच ठेवा, मग फेस काढून टाका. दहाव्या मिनिटाला पहिला घोट, पुन्हा विसाव्याला, आणि शेवटचा पूर्ण कोमट झाल्यावर. हा शेवटचा घोट चुकवू नका. गरम असताना बऱ्याच उणिवा लपतात.

पेल्यांच्या तळाला चिठ्ठ्या लावा आणि घरातल्या कुणाला तरी ते फिरवायला सांगा. आकडा माहीत असला की जीभ त्याच्याच बाजूने बोलते. शेजारी फोडणी चालू असेल तर बेत रद्द. लसणापुढे फुलांचे वास टिकत नाहीत.

आवडीचा हिशेब मांडायला एससीएचाच नवा फॉर्म सोयीचा आहे. त्यात आठ बाबींना एक ते नऊ गुण देतात. पाच म्हणजे धड ना बरं ना वाईट. आठांची बेरीज ०.६५६२५ ने गुणायची आणि त्यात ५२.७५ मिळवायचे. एखादा कप वेगळा लागला किंवा दोष सापडला तर गुण वजा होतात. सगळीकडे पाच दिले तर ७९ येतात आणि सगळीकडे सहा, म्हणजे ‘किंचित बरी’, तर ८४.२५. हे कळलं की पिशवीवरच्या ८४ चा रुबाब जरा उतरतो. अर्थात जुन्या आणि नव्या फॉर्मचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नयेत.

चिठ्ठ्या झाकून केलेल्या एका चाखणीचे आकडे बघा. तिसरी कॉफी: कोरडा वास ८, ओला वास ८, चव ७, मागची चव ५, आंबटपणा ६, गोडवा ७, तोंडातला भरीवपणा ५, एकूण ५. बेरीज ५१, म्हणजे ८६.२. पहिली: ६, ६, ७, ७, ६, ६, ७, ८. बेरीज ५३, म्हणजे ८७.५. क्रम उलटला. कारण रकान्यांतच दिसतं: तिसरीने वासात बाजी मारली, पण थंड होताना तिची आंबलेल्या फणसासारखी छटा पुढे आली आणि मागची चव घसरली. दोन घोटांसाठी ती अप्रतिम आहे. अख्खा कप संपवताना मात्र कंटाळा येतो. कपिंगमध्ये अख्खा कप कुणी संपवत नाही. हनी दर वेळी मधेच राहिली. तिच्याबद्दल तक्रार नाही आणि उत्साहही नाही.

दुधात तर निकाल एकतर्फी होता. २० ग्रॅम पूड, १०० मिलिलिटर पाणी, उतरलेल्या डिकॉक्शनच्या दुप्पट दूध. तिसरीचा फळांचा वास दुधात बुडाला आणि आंबटपणा तेवढा उरला, दूध नासायला आल्यासारखा. त्यात दोष कॉफीचा नाही. हलक्या भाजणीत आम्लं जास्त शिल्लक असतात आणि त्यांना तोलायला लागणारा भाजका कडवटपणा कमी असतो. ८३.५ वाली मध्यम भाजणी दुधातही कॉफीसारखीच लागली.

अजून एक गफलत: आकडा बऱ्याचदा कच्च्या मालाच्या नमुन्याचा असतो. आपल्याकडे अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत होते. नमुना मार्च-एप्रिलमध्ये चाखला आणि तुमची पिशवी पुढच्या जानेवारीत भाजली गेली, तर मधल्या महिन्यांत माल जुना होऊन कागद-गोणपाटाची चव येऊ लागते. आकडा मात्र तोच छापलेला राहतो. त्यात मुंबईचा पावसाळा. उघडी पिशवी आठ-दहा दिवसांतच मवाळ पडते, मग तिची ताज्या पिशवीशी तुलना करून उपयोग नाही. तिन्ही एकाच दिवशी उघडा.

विकत घेताना हल्ली विचारायचे प्रश्न तीनच: गुण कुणी दिले, खरेदीदाराने, भाजणाऱ्याने की बाहेरच्या क्यू-ग्रेडरने, म्हणजे प्रमाणपत्र असलेल्या परीक्षकाने, कधी दिले, आणि आंबटपणा व बॉडीच्या रकान्यांत काय लिहिलं होतं. तिसऱ्याचं उत्तर मिळालं तर एकूण आकडा नाही सांगितला तरी चालतं. काळी आणि निवांत पिणार असाल तर ८७.५ ची १०० ग्रॅमची पिशवी घ्या, मोठी नको. रोजच्या फिल्टरला ८३ च्या आसपासची मध्यम भाजणी पुरे.