पोटरी दुखते, एबीआय 0.71 आला: आधी अँजिओप्लास्टी की आधी चालण्याचा व्यायाम?

पायाच्या धमनीत ब्लॉकेज निघालं की घरात साधारण दोन मतं पडतात. एक म्हणतं, ब्लॉकेज आहे तर फुगा घालून मोकळं करून टाका. दुसरं म्हणतं, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ना, मग रोज सकाळी बागेत दोन फेऱ्या मारा. माझ्या मते दोन्ही मतं घाईची आहेत. तुलना खरं तर तीन गोष्टींची करायला हवी: देखरेखीखालचा व्यायाम, अँजिओप्लास्टी आणि घरच्या घरी चालणं. त्यातही बागेतल्या दोन फेऱ्या व्यायामात धराव्यात की नाही, हा प्रश्न राहतोच.

त्याआधी दुखणं धमनीचंच आहे याची खात्री हवी, कारण आपल्याकडे साठीनंतर पाय दुखला की खापर मणक्यावर किंवा गुडघ्यावर फुटतं. धमनीचं दुखणं मोठं शिस्तीचं असतं. रोज जवळजवळ तेवढ्याच अंतरावर पोटरी आवळून येते, चढावर किंवा दादरच्या पुलासारख्या जिन्यावर लवकर येते, आणि नुसतं उभं राहिलं तरी काही मिनिटांत निवळते. बसावं लागत नाही. मणक्यात नस दबली असेल तर उभं राहूनच पाय भरून येतात आणि बसल्याशिवाय किंवा पुढे वाकल्याशिवाय बरं वाटत नाही. असा माणूस सायकल मात्र मजेत चालवतो. गुडघा झिजला असेल तर पहिलं पाऊल टाकतानाच कळ येते, तीनशे मीटरची वाट बघत नाही.

ही झाली लक्षणं. पुढची पायरी एबीआय, म्हणजे घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागून येणारा आकडा. एक उदाहरण घेऊ. समजा एकसष्ट वर्षांचे एक गृहस्थ आहेत. मधुमेह नाही, सिगारेट वर्षभरापूर्वी सुटली, उजवी पोटरी सपाट रस्त्यावर तीनशे मीटरला दुखते. त्यांना दहा मिनिटं आडवं झोपवलं. दंडाचा वरचा दाब उजवीकडे 138 आणि डावीकडे 144 भरला. मग कफ घोट्याच्या जरा वर बांधून, जेल लावून, पेनासारख्या डॉपलर प्रोबने दोन जागी रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकला: पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्यामागे. कफ फुगवला की आवाज बंद होतो आणि हवा सावकाश सोडताना तो जिथे परत ऐकू येतो तो त्या धमनीचा दाब. उजव्या पायात 96 आणि 102, डाव्यात 138 आणि 140.

नियम असा की प्रत्येक पायातला मोठा आकडा घ्यायचा आणि दोन्ही दंडांपैकी मोठ्या आकड्याने भागायचं. उजवा पाय 102 भागिले 144, म्हणजे 0.71. डावा 140 भागिले 144, म्हणजे 0.97. 1.00 ते 1.40 सामान्य, 0.91 ते 0.99 काठावर, 0.90 किंवा त्याखाली आला की धमनीचा आजार. इथे घोटाळे होतात ते आकड्यांच्या निवडीत. याच माणसाला कुणी फक्त उजव्या दंडाच्या 138 ने भागलं असतं तर 0.74 आला असता, आणि पायातला लहान आकडा धरला असता तर 0.67. सहा महिन्यांनी दुसऱ्या लॅबमध्ये वेगळ्या पद्धतीने मोजलं तर काहीही न घडता आजार सुधारल्याचा किंवा बिघडल्याचा भास होतो. म्हणून रिपोर्टवर नुसता एबीआय नको, चारही जागांचे आणि दोन्ही दंडांचे दाब लिहून मागावेत. घरचं बीपीचं आपोआप मोजणारं मशीन घोट्याला बांधून हा हिशोब करू नये, कमी दाबाला ते विश्वासाचं राहत नाही.

मधुमेह बरीच वर्षं असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आणखी एक फसगत संभवते. धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचून ती कडक होते, कफने दबतच नाही आणि एबीआय 1.40 च्या वर जातो किंवा खोटाच सामान्य येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात. त्याचं दंडाशी गुणोत्तर 0.70 च्या खाली असलं तर आजार धरतात. आणि लक्षणं अगदी धमनीची पण झोपून मोजलेला एबीआय काठावर, असं झालं तर ट्रेडमिलवर चालवून लगेच पुन्हा मोजायला सांगावं. चालल्यावर तो पडतो.

मात्र 0.71 हा आकडा आजार आहे एवढंच सांगतो. अँजिओप्लास्टी करा की नको, हे त्यात लिहिलेलं नसतं. ते ठरतं लक्षणांवरून.

आता त्या गृहस्थांपुढचे पर्याय बघू. देखरेखीखालचा व्यायाम म्हणजे आठवड्यातून तीनदा, बारा आठवडे, फिजिओथेरपिस्टसमोर ट्रेडमिलवर चालणं. सुरुवात ताशी सुमारे तीन किलोमीटर, चढ शून्य. दुखण्याला शून्य ते चार असे गुण द्यायचे: एक म्हणजे दुखायला लागलं, चार म्हणजे आता पाऊल टाकवत नाही. दोन-तीनपर्यंत चालत राहायचं, मग खुर्चीवर बसायचं, दुखणं पूर्ण गेलं की पुन्हा चढायचं. आपल्या माणसाचं पहिल्या दिवशी सहा-सात मिनिटं चालणं, तीन मिनिटं बसणं, असं अर्धा-पाऊण तास चालेल. थांबण्याआधी सलग आठ-दहा मिनिटं चालता यायला लागलं की चढ किंवा वेग थोडा वाढवायचा, म्हणजे दुखणं चार-पाच मिनिटांवर येईल. मुद्दाम दुखवायचं हे ऐकायला विचित्र वाटतं. पण दुखण्याआधीच थांबणाऱ्यांचं भागत नाही, हे 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लाइट या अमेरिकन चाचणीने चांगलंच दाखवून दिलं. घरीच चालणाऱ्यांचे दोन गट केले होते, एक दुखेपर्यंत चालणारा आणि एक आरामात चालणारा. वर्षभरानंतर पहिला गट सहा मिनिटांत सुमारे 34 मीटर जास्त चालू लागला. दुसऱ्या गटाची प्रगती काहीच न करणाऱ्यांपेक्षा फारशी वेगळी नव्हती. बागेतल्या रमतगमत फेऱ्यांचा निकाल इथेच लागतो.

अँजिओप्लास्टीत मांडीतून तार घालून अरुंद जागा फुग्याने रुंद करतात, गरज असेल तर स्टेंट ठेवतात. फरक लगेच जाणवतो, हा तिचा मोठाच गुण. पण ती कुठे केली याला महत्त्व आहे. ब्लॉकेज कमरेच्या भागातल्या मोठ्या धमनीत असेल (अशांना पोटरीबरोबर नितंबही दुखतो) तर स्टेंट बराच काळ टिकतो. मांडीतल्या लांब धमनीत तो पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण जास्त, आणि नुसत्या चालतानाच्या दुखण्यासाठी गुडघ्याखालच्या बारीक धमन्यांत फुगा घालणं बहुतेक जाणकार टाळायलाच सांगतात. शिवाय तार घातलेल्या जागी रक्तस्राव, धमनी दिसावी म्हणून टोचलेल्या रंगद्रव्याचा मूत्रपिंडावर ताण, गुठळी पुढे सरकणं हे धोके कमी असले तरी आहेत.

दोन्हींची समोरासमोर तुलना झाली ती क्लेव्हर या चाचणीत, 2012 साली, आणि तीही स्टेंटला सगळ्यात अनुकूल अशा कमरेच्या भागातल्या ब्लॉकेजवर. 111 रुग्ण होते. सहा महिन्यांनी ट्रेडमिलवर जास्तीत जास्त चालण्याची वेळ व्यायामवाल्यांची 5.8 मिनिटांनी वाढली, स्टेंटवाल्यांची 3.7 मिनिटांनी आणि फक्त औषधांवर ठेवलेल्यांची 1.2 मिनिटांनी. व्यायामाची बाजू घेणारे लोक इथेच थांबतात, पण त्याच चाचणीत आयुष्य कसं चाललंय या प्रश्नावलीत स्टेंटवाल्यांनी स्वतःला जास्त गुण दिले होते. ट्रेडमिलवरची मिनिटं आणि बाजारातून पिशवी घेऊन येणं या अगदी एकच गोष्टी नाहीत.

व्यायामाने ब्लॉकेज उघडत नाही, हेही आधीच समजून घ्यावं. पोटरीचे स्नायू आहे त्या रक्तातून जास्त काम काढायला शिकतात, धमनीचं आतलं अस्तर सुधारतं, चालण्याची ढब बदलते. त्यामुळे तीन महिन्यांनी दुप्पट अंतर चालणाऱ्या माणसाचा एबीआय पुन्हा 0.71 येऊ शकतो आणि नातेवाईक म्हणतात, काही उपयोग झाला नाही. व्यायामाचं यश अंतरात आणि मिनिटांत मोजायचं. स्टेंटनंतर मात्र एबीआय वाढायलाच हवा. तो पुढे घसरला आणि दुखणं परत आलं, तर आतून पुन्हा अरुंद झालंय असं समजून तपासणी करावी.

आपल्याकडची खरी अडचण निराळीच आहे. अमेरिकेत मेडिकेअर ही वृद्धांची सरकारी विमा योजना 2017 पासून बारा आठवड्यांत अशा व्यायामाच्या 36 सत्रांचे पैसे देते. इथे पॉलिसी अँजिओप्लास्टीच्या भरतीचे पैसे देते, फिजिओथेरपीच्या ओपीडीचे सहसा देत नाही. त्यामुळे महागाचा उपाय खिशाला स्वस्त पडतो आणि निर्णय तिथेच झुकतो. पायाच्या धमन्यांसाठी वेगळा वर्ग शहरातही सहज मिळत नाही. पण हृदयाच्या ऑपरेशननंतरचं पुनर्वसन केंद्र जवळ असेल तर ट्रेडमिल आणि जाणकार माणूस दोन्ही तिथे असतात, त्यांना वर सांगितलेली पद्धत लेखी देऊन विचारावं. तेही नसेल तर घरचा पर्याय, पण शिस्तीचा: ठरलेला सपाट रस्ता, बसायला कट्टे, दुखण्याचे गुण आणि अंतर लिहायची वही, आणि दर आठवड्याला ती वही बघून प्रश्न विचारणारा कोणीतरी. फक्त मनगटावर पट्टा बांधून आणि फोनवर आठवण करून देऊन भागत नाही, तोही प्रयोग होऊन गेला आहे. सुरू करण्याआधी हृदयाची तपासणी हवीच, कारण पायाच्या धमनीत जे साचलंय ते हृदयाच्या धमनीतही असू शकतं. पावलावर जखम असेल किंवा मधुमेहामुळे तळवे बधिर असतील तर दुखेपर्यंत चालण्याचा हा कार्यक्रम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

गोळ्यांचं थोडक्यात. स्टॅटिन आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी दोन्ही वाटांवर चालूच राहते, ती हार्ट अटॅक आणि पक्षाघात टाळण्यासाठी असते. चालण्याचं अंतर वाढवणारी गोळी सिलोस्टाझोल, पण हृदय कमजोर असलेल्यांना ती चालत नाही.

ही सगळी तुलना लागू आहे ती फक्त चालताना दुखणाऱ्या पायाला. रात्री झोपल्यावर पाऊल ठणकतं आणि पलंगाखाली लोंबकळत ठेवलं की बरं वाटतं, बोटावरची जखम दोन आठवड्यांत भरत नाही, बोट काळं पडतंय, असं असेल तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून त्याच आठवड्यात व्हॅस्क्युलर सर्जन गाठावा. पाय एकाएकी गार, पांढरा आणि बधिर झाला तर त्याच तासात.

आपल्या 0.71 वाल्या गृहस्थांना मी आधी बारा आठवडे व्यायाम करायला सांगेन. त्यानंतर त्यांना हवं तेवढं, म्हणजे समजा स्टेशनपर्यंतचं एक किलोमीटर, न थांबता जाता आलं तर अँजिओप्लास्टीचा विषय संपला. नाही जमलं आणि ब्लॉकेज मांडीच्या वरच्या, कमरेच्या भागात असेल तर अँजिओप्लास्टी करून घ्यावी, पण वही बंद करू नये. नेदरलँड्सच्या इरेज या चाचणीत 2015 मध्ये अँजिओप्लास्टी आणि देखरेखीखालचा व्यायाम दोन्ही मिळालेले लोक वर्षभराने नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा पुढे गेले होते, आणि नुसता व्यायाम करणारेसुद्धा 285 मीटरवरून 1240 मीटरवर पोहोचले होते.