जिवंत मातीवर चार मिनिटांचं भाषण: ढेकूळ दाखवावं की कापड?

चमचाभर सुपीक मातीत कोट्यवधी जिवाणू असतात, हे वाक्य विज्ञान दिनाच्या भाषणात हमखास येतं. वाक्य खरं आहे, पण शेवटच्या रांगेतल्या मुलाला त्यातलं काहीच दिसत नाही. म्हणून भाषणाला जोड द्यायला दोन प्रयोग सुचवले जातात. एकात मातीचं ढेकूळ पाण्यात सोडतात, दुसऱ्यात सुती कापड मातीत पुरतात. दोन्ही स्वस्त आणि सोपे आहेत, पण दोघांतून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे.

ढेकळाच्या प्रयोगाला दोन ढेकळं लागतात, सुपारीएवढी. एक कधीच न नांगरलेल्या गवताखालचं, दुसरं त्याला लागूनच असलेल्या, दरवर्षी नांगरल्या जाणाऱ्या जमिनीतलं. ती सावलीत तीन-चार दिवस पूर्ण वाळवायची. दोन काचेच्या बरण्या काठोकाठ भरायच्या, तोंडाशी जाळीची वाटी अडकवायची आणि दोन्ही ढेकळं एकाच वेळी पाण्यात सोडायची. नांगरलेल्या जमिनीतलं ढेकूळ बहुधा काही मिनिटांत विस्कटून तळाशी बसतं. गवताखालचं टिकून राहतं.

कारण असं. कोरड्या ढेकळात पाणी वेगाने शिरतं, आतली हवा कोंडते आणि बाहेर पडताना कणांना ढकलते. ज्या मातीत मुळांचे स्राव, जिवाणूंचे चिकट पदार्थ आणि बुरशीचे तंतू कणांना बांधून ठेवतात, ती हा धक्का सोसते. वारंवार नांगरल्याने हे तंतू तुटतात, सेंद्रिय पदार्थ लवकर कुजून जातो आणि नवा डिंक तयार होण्याचं प्रमाण घटतं. शेतात हेच पावसाच्या थेंबांखाली होतं. माती विस्कटते, बारीक कण छिद्रं बुजवतात, वर कडक पापुद्रा धरतो. मग पाणी मुरण्याऐवजी वाहून जातं, कोवळ्या अंकुराला वर येता येत नाही आणि मुळांना हवा कमी पडते. पिकाशी असलेला संबंध इथे सरळ दिसतो, आणि भाषणाला नेमका तोच लागतो.

कापडाचा प्रयोग हळू आहे. शंभर टक्के सुती, दहा सेंटिमीटर बाजूचे चौकोनी तुकडे वजन करून वेगवेगळ्या जागी पाच ते आठ सेंटिमीटर खोल पुरायचे आणि साधारण दोन महिन्यांनी काढायचे. हलकेच धुऊन वाळवून पुन्हा वजन केलं की किती कुजलं ते आकड्यात मिळतं. सूत म्हणजे सेल्युलोज, ते बुरशी आणि जिवाणू खातात. चिंध्या झालेलं कापड हातात धरून दाखवलं की सभागृहात हशा आणि लक्ष दोन्ही मिळतं, हे मान्य. पण कापड लवकर कुजलं म्हणजे पीक चांगलं येईलच, असं नाही. कोरड्या किंवा थंड मातीत चांगले सूक्ष्मजीवही सुस्त असतात. सुतात नायट्रोजन जवळजवळ नसतो, तो सूक्ष्मजीव मातीतूनच उचलतात. ताजा भुसा जमिनीत मिसळल्यावर पीक काही काळ पिवळं पडतं, तेही याच कारणाने. हे चार मिनिटांत समजावणं कठीण आहे. शिवाय कापडात पॉलिस्टर मिसळलेलं असेल तर सांगाडा शिल्लक राहतो आणि माती ‘मेलेली’ ठरते.

त्यामुळे छोट्या भाषणासाठी निवड ढेकळाची. दोन महिने आधी तयारी सुरू करता येत असेल, तर कापडाचे तुकडे बाजूच्या टेबलावर तक्त्यासह ठेवावेत. भाषणात मात्र ते ओढू नयेत.

ढेकळाचा प्रयोग फसतो तो तीन ठिकाणी. ढेकूळ ओलसर राहिलं तर पाणी झपाट्याने शिरत नाही आणि खराब मातीही टिकते. दाबून घट्ट झालेलं चिकणमातीचं ढेकूळही बराच वेळ तग धरतं. ते जिवंतपणाचं लक्षण नव्हे. आणि एक माती वालुकामय, दुसरी चिकण असेल तर तुलनेला अर्थच उरत नाही. म्हणून दोन्ही नमुने एकाच जमिनीतले, एकाच खोलीवरचे घ्यावेत आणि आदल्या दिवशी तीन-तीन ढेकळांवर तालीम करावी.

मंचावर क्रम असा ठेवता येतो. पहिल्या वाक्यालाच ढेकळं सोडायची: “मित्रांनो, ही दोन्ही ढेकळं एकाच जमिनीतली आहेत. त्यांच्यात पन्नास पावलांचं अंतर आहे. मी बोलतोय तोवर बरण्यांकडे बघत राहा.” पुढची दोन मिनिटं डिंक आणि तंतूंबद्दल बोलायचं. तिसऱ्या मिनिटाला बरण्या उचलून दाखवायच्या: “हे विस्कटलं, कारण कणांना धरून ठेवणारं कुणी फारसं उरलं नव्हतं. पावसात शेतात हेच होतं आणि बी पापुद्र्याखाली अडकतं.” शेवटच्या मिनिटात उपाय: जमीन पिकाच्या अवशेषांनी झाकलेली ठेवणं, नांगरट कमी करणं, वर्षातला जास्तीत जास्त काळ जिवंत मुळं जमिनीत असणं.

दोन्ही ढेकळं टिकली तर घाबरून पाणी ढवळू नये. तालमीत विस्कटलेल्या ढेकळांची बरणी झाकून टेबलाखाली ठेवलेली असावी. ती वर काढून “काल हे असं झालं होतं” असं सांगितलं की पुरतं.